मदत हवी आहे: ‘विपरीत’मधून ‘रीत’ काढणारी नववी

फळाखडू: नववीला मराठी शिकवते. कवितेत अवघड शब्द आला की मुलं थेट शब्दार्थांच्या चौकटीकडे धावतात, म्हणून यंदा उपसर्ग-प्रत्यय सोडवून अर्थ काढायला लावते आहे. ‘अनुज’, ‘अनुयायी’ झालेले, म्हणून ‘अनुपम’मधूनही एकाने ‘अनु’ काढला आणि अर्थ सांगितला ‘मागून येणारा’. मग मी नियम दिला: उरलेला तुकडा ओळखीचा शब्द हवा. ‘पम’ असा शब्द नाही, ‘उपमा’ आहे, म्हणून अन् + उपम. हे पटलं. काल मात्र ‘विपरीत’ आला. एक मुलगी म्हणाली, “बाई, ‘रीत’ उरते की! म्हणजे वाईट रीत.” माझ्याच नियमाने ती बरोबर! आणि रोजच्या पसायदानातलं ‘दुरित’ अर्ध्या वर्गाला ‘दूर गेलेलं’ वाटतं. काय करू?

साधितशब्द: बावीस उपसर्ग अर्थासकट पाठ करून घ्या. आमच्या वेळी तेच केलं होतं.

जुना_मास्तर: पाठांतराने ‘उप’ म्हणजे जवळ हे कळेल, पण ‘उपेक्षा’ तिथेच अडेल. तुमचा नियम ठेवा, त्याला एक जोड द्या: उरलेला तुकडा भावंडांतही सापडला पाहिजे. फळ्यावर अतीत, व्यतीत, विपरीत एकाखाली एक लिहा. ‘रीत’ एकातच दिसते, ‘ईत’ तिन्हींत. मूळ आहे ‘इत’, म्हणजे गेलेलं. अति, परि यांच्या शेवटच्या इ-शी त्याची इ मिसळून दीर्घ झाली. वि + परि + इत, उलट फिरून गेलेलं. आता ‘दुराचार’ लिहा आणि मुलांनाच ‘दुरित’ फोडू द्या. दुर् व्यंजनावर संपतो, म्हणून इथे इ ऱ्हस्वच राहते. वाईट वाटेने गेलेलं, म्हणजे पाप. ‘दूर’चा ऊ दीर्घ, तेवढ्यावरून फरक दाखवता येतो.

रात्र_अभ्यासिका: शब्दसिद्धीवर परीक्षेत ‘बेइमान’, ‘गैरहजर’ येतात. फारसी उपसर्गांची यादी आहे का कुणाकडे?

जुना_मास्तर: वेगळा धागा काढा, तिथे देतो. फळाखडू, एक सावध करतो. पसायदानातलीच ‘व्यंकटी’ मुलं वि + अंक अशी फोडू पाहतील. तिचा अर्थ वाकडेपणा, आणि तो फोडून हाती लागत नाही. असे शब्द सरळ सांगून टाका. फोडून निघालेला अर्थ ओळीत बसवून बघायची सवय मात्र लावा.

फळाखडू: आज केलं. त्या मुलीने स्वतःच ‘रीत’ खोडली. पण एक मुलगा म्हणतो, ‘कुसुमित’, ‘पल्लवित’ यांतही ‘इत’ आहे, मग फूल कुठे गेलं? तिथला ‘इत’ प्रत्यय आहे, ‘फुलांनी युक्त’ एवढंच सांगतो, हे मला माहीत आहे. पण नुसता शब्द बघून मुलांनी दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

जुना_मास्तर: आधी नाम आहे की उपसर्ग, ते बघायला सांगा. ‘कुसुम’ एकटं उभं राहतं, ‘दुर्’ राहत नाही. हे सगळीकडे चालेल असं मात्र मी म्हणणार नाही.