आण्णांची रविवारची झूम मीटिंग (घरच्या ग्रुपवरून, २ नोव्हेंबर २०२५)

आण्णा, ७:३८
साडेसातला लिंक दाबली. आठ मिनिटं झाली, बघालोय तर चाक नुसतं फिरालंय आणि वर लिहिलंय Waiting for the host to start the meeting. छोटी दिसत नाही. फोन बिघडला काय माझा? उद्या खडेबाजारात दाखवून आणू?

आण्णा, ७:४१
मगाशी चुकून कुठंतरी बोट लागलं असंल.

वैनी, ७:४३
आण्णा, मी पण त्याच पाटीवर थांबलेय. इकडं खानापूरलाही तेच दिसालंय.

अक्का, ७:४४
आण्णा, फोन चांगला आहे. तुमच्या बोटानं काही बिघडलं नाही. मी सांगते नीट, तुळशीपुढं दिवा लावून आले होते, म्हणून उशीर झाला.

अक्का, ७:५२
ती पाटी वाचायची अशी. तुम्ही सकाळी वाचनालयात जाता, कधी किल्लीवाला यायच्या आधीच पोचता आणि पायरीवर बसता. वाचनालय बंद पडलेलं नसतं, तुमचा पत्ताही चुकलेला नसतो. किल्ली ज्याच्याकडं आहे तो यायचा असतो. मीटिंगमध्ये किल्ली ज्याच्याकडं असते त्याला host म्हणतात. आपली मीटिंग छोटीच्या खात्यावरून निघालेली आहे, म्हणून host ती. तिनं तिच्या मोबाईलवर मीटिंग सुरू केल्याशिवाय तुम्ही, मी, वैनी कुणीच आत जाऊ शकत नाही. म्हणजे ही पाटी आली की लिंक बरोबर आहे आणि नेटही चालू आहे. नेट नसतं तर ही पाटीसुद्धा दिसली नसती.

आण्णा, ७:५५
मग छोटी का आली नाही? दर रविवारी साडेसातला येते की. बरी आहे न्हवं?

अक्का, ८:०१
बरी आहे, तिला मेसेज करून विचारलं. तिच्याकडं आत्ता सकाळचे साडेनऊ वाजलेत, ती दहाला सुरू करणार आहे. गेल्या रविवारी आपल्याकडं साडेसात वाजले तेव्हा तिच्याकडं दहा वाजले होते. आज त्याच वेळेला नऊच वाजले. तिकडं न्यू जर्सीत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं ठेवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता परत एक तास मागं घेतात. ते आजच झालं. आपल्या घड्याळानं साडेअकरा वाजले असतील तेव्हा, तुम्ही जेवायला बसायच्या बेतात होता. आपल्याकडं ही पद्धत नाही, म्हणून फरक साडेनऊ तासांचा होता तो साडेदहा झाला. छोटीनं मीटिंग तिच्या दहा वाजताची ठरवलीय. म्हणून थंडीत आपल्याला ती साडेआठची.

छोटी, ८:०४
आण्णा, चुकलं माझं. ग्रुपवर सप्टेंबरात टाकलेल्या मेसेजमध्ये साडेसात लिहिलेलं तसंच राहिलं. मी दहाला म्हणजे तुमच्या साडेआठला येतेय. तुम्ही जेवून घ्या.

आण्णा, ८:०७
बरं. मग आता फोन बंद करू की तसाच धरून बसू? सारखं लिंक दाबलो तर काय होईल?

अक्का, ८:११
धरून बसायला नको, वीस मिनिटं आहेत की. Leave दाबून बाहेर या आणि साडेआठला परत तीच लिंक दाबा. कितीही वेळा दाबलात तरी बिघडत नाही, पण दाबल्यानं दार लवकर उघडत नाही. अ‍ॅप तसंच पुढं उघडं ठेवलं असतं तर छोटीनं मीटिंग सुरू केल्यावर आपोआप पुढं सरकलं असतं. फक्त मोबाईलचा पडदा झोपला नाही पाहिजे, आणि बॅटरीही खाते.

एक अजून. साडेआठनंतर कदाचित दुसरी पाटी दिसेल, Host has joined. We've let them know you're here. ती वेगळी आहे. किल्लीवाला आत आला आहे, आता त्यानं आतून बघून तुम्हाला आत घ्यायचं आहे. छोटीला तिच्याकडं यादीत नावं दिसतात आणि एकेकाला ती Admit करते. मागं एकदा तुम्ही बराच वेळ बाहेर राहिलात ते आठवतंय? तेव्हा यादीत तुमच्या नावाऐवजी नुसतं मोबाईलचं मॉडेल दिसत होतं. कुणी अनोळखी असेल म्हणून छोटीनं घेतलंच नाही. आत जाताना नाव विचारलं तर "आण्णा" लिहा. आणि दुसरी पाटी पाच मिनिटांहून जास्त राहिली तर गप्प बसू नका, मला फोन करा, मी तिला सांगते.

आण्णा, ८:१३
पहिली पाटी म्हणजे किल्लीच आली नाही. दुसरी म्हणजे किल्ली आली, हाक मारायची राहिली.

अक्का, ८:१३
अगदी तसंच, आण्णा.

वैनी, ८:३६
आण्णा दिसालेत! कॅमेरा जरा खाली घ्या, नुसता पंखा दिसालाय.

आण्णा, ९:१२
आता काय झालं? नातू पेटीवर भूप वाजवत होता, मधेच काळं झालं. ended म्हणून आलं. मी लाल बटण दाबलं नाही हं. रागावली काय छोटी?

अक्का, ९:१५
कुणी रागावलं नाही, आणि तुम्ही एकटे बाहेर पडला नाहीत. मी पण बाहेर पडले, वैनी पण, छोटीसुद्धा. छोटीचं खातं फुकटचं आहे आणि फुकटच्या खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. आठ बत्तीसला सुरू झाली, नऊ बाराला मिटली. बोलणं कुठं आलंय, कोण वाजवतंय, त्याला कळत नाही. घड्याळ भरलं की मिटतं.

आपण एकटेच बाहेर पडलोय काय ते कसं ओळखायचं, तर मला विचारायचं "तू आत आहेस काय?" मी आत असेन आणि तुम्ही बाहेर, तर तुमचं नेट गेलं किंवा Leave दाबलं गेलं. मीही बाहेर असेन तर मीटिंगच मिटली. आणि Meeting has been ended by host दिसलं तर किल्लीवाल्यानं स्वतः बंद केलं. तेही बहुतेक सगळ्यांचं बोलणं संपलं म्हणूनच असतं.

छोटी, ९:१७
आण्णा, परत सुरू करतेय. भूप पहिल्यापासून वाजवायला सांगते त्याला.

अक्का, ९:१७
आण्णा, लगेच दाबलंत आणि पहिली Waiting ची पाटी आली तर घाबरू नका, छोटी अजून उघडतेय. जुनीच लिंक.

आण्णा, ९:१९
Waiting आलंय. बसलोय पायरीवर.

आण्णा, ९:२१
दुसरी पाटी आली. नाव आण्णाच लिहिलंय.

वैनी, ९:२२
आलात, आण्णा. पंखाच दिसालाय अजून.

आण्णा, १०:०६
कालनिर्णयावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. थंडीत साडेआठ, ८ मार्चपासून परत साडेसात. बरोबर काय?

छोटी, १०:०८
बरोबर. मार्चचा दुसरा रविवार, आण्णा. मी आदल्या दिवशी पण सांगीन.