मदत हवी आहे: किशोरींमधील रक्तक्षयावरील सत्राचे मूल्यमापन कसे लिहू?

पब्लिक हेल्थ नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी जिल्हा परिषद शाळेतल्या आठवी-नववीच्या 40 मुलींसाठी 45 मिनिटांचं सत्र आखते आहे. रक्तक्षयाची सगळी माहिती कोंबण्यापेक्षा एकच वर्तन धरलंय: आठवड्याची निळी लोहगोळी (60 मिग्रॅ लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) जेवणानंतर गिळणं.

अडचण बहुतेक ज्ञानाची नसतेच. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौच काळं दिसतं, आणि मग गोळी दप्तरात राहते. त्यात गोळीचा वार सोमवार, म्हणजे श्रावणात बऱ्याच मुलींना उपास! म्हणून 10 मिनिटं फक्त या दोन त्रासांवर ठेवली आहेत: जेवणानंतर गोळी, उपासाच्या आठवड्यात मंगळवारी, काळं शौच निरुपद्रवी. नंतर ताटाचं प्रात्यक्षिक: बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, वर लिंबू. चहा तासभर लांब, कारण तो लोहाचं शोषण कमी करतो.

गाडी मूल्यमापनावर अडते. पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत गुण वाढतीलच, पण त्यावरून गोळी पोटात गेली हे कळत नाही. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन तपासूनही फारसं हाती लागणार नाही. सध्याचं उद्दिष्ट असं आहे: ‘पुढच्या 4 आठवड्यांत 40 पैकी 30 मुली किमान 3 गोळ्या शिक्षिकेसमोर घेतील.’ नोंद वर्गाच्या रजिस्टरमधून.

गैरहजर मुली 40 मध्येच मोजायच्या की वगळायच्या? आणि पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुलींना वर्गासमोर न विचारता आरोग्य केंद्राकडे पाठवण्याचा टप्पा आराखड्यात कुठे बसवता?