आमवाताचा जोर मोजणाऱ्या डास २८ मध्ये ५.७, पण सूज एकाच सांध्याला: औषध वाढवायचं का?

प्रश्न (मेडिसिन, तिसरं वर्ष):
४२ वर्षांची बाई, आमवात ६ वर्षं, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, मेथोट्रेक्झेट नियमित. गेले ५ महिने सगळं अंग ठणकतं, झोपून उठल्यावरही थकवा. दुखरे सांधे १६, सुजलेला १, रक्तात सूज दाखवणारा ईएसआर १८, स्वतःच्या तब्येतीला तिने १०० पैकी ८० त्रास दिला. डास २८ सुमारे ५.७ येतो, म्हणजे आजार जोरात. वरिष्ठ म्हणतात बायोलॉजिक, म्हणजे आमवाताचं पुढच्या पायरीचं औषध, सुरू कर. मला पटत नाहीये. तुम्ही काय कराल?

जुना फिजिशियन:
टेंडर पॉइंट, म्हणजे दाबून बघायच्या ठरलेल्या जागा, तपासलेस का? अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत, साधारण ४ किलोचा दाब. १८ पैकी ११ जागा दुखल्या की फायब्रोमायल्जिया, म्हणजे सांध्यांना सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार. मग आमवाताचा प्रश्नच मिटला, औषधं कमी करायला घे.

संधिवातवाली:
सर, संशय बरोबर आहे, निष्कर्ष धोक्याचा आहे. ११ जागांची अट १९९० सालच्या निकषांतली. २०१० मध्ये ती काढली आणि अंगावरच्या १९ भागांपैकी किती दुखतात, शिवाय थकवा, झोप, विसराळूपणा किती, असं मोजायला सुरुवात झाली. २०१६ च्या सुधारणेत तर स्पष्टच आहे की दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जियाचं निदान करता येतं. आमवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच बाईत सुखाने नांदतात. मेथोट्रेक्झेट कमी केलंत आणि खाली दबलेला आमवात उसळला, तर सांधे झिजतील.

आता तो ५.७ फोडून बघा. १६ चं वर्गमूळ ४, गुणिले ०.५६ म्हणजे २.२४. एका सुजलेल्या सांध्याचे ०.२८. ईएसआरचे सुमारे २.०२. तिच्या ८० चे १.१२. दुखरे सांधे आणि तिचं स्वतःचं मत मिळूनच ३.३६ झाले. तीच बाई, तीच सूज, तोच ईएसआर, पण दुखरा सांधा एक आणि त्रास २० धरला तर आकडा ३.१ वर येतो, म्हणजे आजार आटोक्यात. मधला सगळा फरक वेदनेचा आहे. बायोलॉजिक त्या वेदनेला हात लावणार नाही. सहा महिन्यांनी 'हेही लागू पडलं नाही' म्हणून दुसरं सुरू होईल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जीपी, स्वतःच पेशंट:
माझं उलटं झालं. कोपराची बाहेरची बाजू, खुबा, गुडघ्याची आतली बाजू दुखायची, ईएसआर नॉर्मल. दोन वर्षं फायब्रोमायल्जिया म्हणून फिरलो. शेवटी एकीने मोजे काढायला लावले. टाचेमागे सूज आणि पायाच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. सोरायसिसचा संधिवात निघाला. त्यामुळे 'फायब्रो' शब्द ऐकला की माझा जीव वरखाली होतो.

संधिवातवाली:
प्रश्न या पेशंटचा वेगळा आहे, पण तुमचा अनुभव महत्त्वाचा. स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागा आणि जुने टेंडर पॉइंट बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर पडतात. म्हणून मी अशा जागेबरोबरच दंडाचा मध्य, मांडीचा मध्यही दाबते. तिथेही तितकंच दुखलं, तर दोष त्या एका जागेचा नाही. सांध्यावर दोन अंगठे ठेवून लुसलुशीतपणा शोधायचा. दुखणं पेशंट सांगते, सूज आपल्या बोटांना लागते. शंका उरली तर सांध्यातला वाढलेला रक्तप्रवाह दाखवणारी पॉवर डॉपलर सोनोग्राफी.

जुना फिजिशियन:
औषध कमी करण्याचं मागे घेतो. पण टेंडर पॉइंट मोडीत काढू नका. त्या निमित्ताने तरी डॉक्टर पेशंटला हात लावत होते. नुसता फॉर्म भरून निदान मला पटणार नाही.

फिजिओ:
त्या बाईचं पुढे काय? युरोपियन शिफारशींत सगळ्या उपायांमधून ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला मिळाला, आणि तोच सर्वांत वाईट पद्धतीने सांगितला जातो. 'रोज ४५ मिनिटं चाला' म्हटलं की ती पहिल्या दिवशी चालते, तीन दिवस अंथरुणात आणि मग कायमची बंद. मी विचारते, वाईट दिवशीही किती जमतं? १० मिनिटं म्हणाली तर ५ पासून. चांगल्या दिवशीही ५ च. ठणका दुसऱ्या दिवशी उतरला तर दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची, नाही उतरला तर तिथेच थांबायचं. पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढेल, हे आधी सांगितलं नाही तर ती परत येत नाही. सुजलेल्या सांध्यावर मात्र भार नको.

प्रश्नकर्ता:
आज पुन्हा तपासलं. १९ पैकी १२ भाग दुखतात, दंड आणि मांडीचा मध्यही. सूज उजव्या मनगटालाच. मनगट आणि बोटांच्या सोनोग्राफीची तारीख मिळालीय, बायोलॉजिक तोवर थांबवलंय, मेथोट्रेक्झेट चालूच. वरिष्ठ विचारतात, डॉपलरमध्ये फक्त मनगटात थोडा रक्तप्रवाह दिसला तर?

संधिवातवाली:
मी मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन तीन महिन्यांनी बघेन. माझे काही सहकारी लगेच औषध वाढवतील. यावर आमच्यातही एकमत नाही.