मदत हवी आहे: रिवाईंडिंगनंतर चरकाची 20 एचपी मोटर लोडवर बसते, अँपिअर मात्र कमी झालेत

चरकवाला_कागल

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. चरकाला 20 एचपीची चार पोलची मोटर आहे, 415 व्होल्ट, 28 अँपिअर, 1460 आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टरवर. गेल्या हंगामाच्या शेवटी जळाली. दिवाळीआधी रिवाईंड करून आणली.

आणल्यावर रिकामी चालवली तर नो-लोड करंट 9 अँपिअर. जळायच्या आधी 12 असायचा. स्टारमध्ये सुरू होताना पूर्वी टाँग टेस्टर 55 दाखवायचा, आता 43. रिवाईंडिंगवाला म्हणाला, "बघा, मोटर हलकी केली, बिलपण कमी येईल." आम्ही खूश.

हंगाम सुरू झाला आणि रडगाणं सुरू झालं. जाड उसाची मोळी घातली की मोटर मान टाकते. पूर्वी नुसती कण्हायची आणि ओढून न्यायची. आता वेग पडतो तो पडतोच, चरक जागेवर उभा, टाँग टेस्टर 120 वर, मग ओव्हरलोड ट्रिप. दिवसा पंप चालू असताना व्होल्टेज 370 पर्यंत येतं, पण ते पूर्वीपण यायचं. बेअरिंग, पट्टे, चरकाच्या लाटा सगळं तपासलं. काहील चुलवाणावर आणि रस नाही, गुळव्या शिव्या देतोय.

डिप्लोमा करणारा भाचा म्हणतो, "मामा, लीकेज रिॲक्टन्स वाढलाय." म्हणजे काय? आणि कमी करंट घेणारी मोटर कमजोर कशी होईल?

सरळमार्गी

लीकेज असेल तर चालवूच नका हो! बॉडीला करंट उतरतोय. आधी मेगर मारा, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी टाका आणि ईएलसीबी बसवा. गुऱ्हाळावर सगळीकडे ओल असते, जिवाशी खेळ नको.

चरकवाला_कागल

दादा, मेगर केलंय, चांगलं आहे. भाचा म्हणतो ते लीकेज वेगळं.

आलेखबहाद्दर

मला रोटरचा संशय येतो. टॉर्क-स्लिपच्या, म्हणजे जोर आणि वेग किती पडतो याच्या आलेखात रोटरचा रेझिस्टन्स बदलला की सगळा आलेखच बदलतो. मोटर जळाली तेव्हा रोटरचे बार तडकले असणार. नवा रोटर मिळतो का बघा.

खाच_आणि_दात

मोटरच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आलेखबहाद्दर, आलेख बदलतो हे खरं, पण कसा ते बघा. रोटरचा रेझिस्टन्स वाढला की टॉर्कचं शिखर जास्त स्लिपकडे सरकतं. त्याची उंची तेवढीच राहते. चरकवाल्यांच्या मोटरची उंचीच गेली आहे. शिवाय बार तुटले असते तर लोडवर टाँग टेस्टरचा आकडा ठरावीक तालात वरखाली झुलला असता. तसं होतंय का ते त्यांनी सांगावं. आणि तुटलेल्या बारांनी नो-लोड करंट 12 चा 9 होत नाही.

आता लीकेज. स्टेटरच्या खाचेत तारेचा जुडगा बसलेला असतो. करंट गेला की चुंबकीय रेषा तयार होतात. बहुतेक हवेची फट ओलांडून रोटरला जातात, काम त्याच करतात. पण काही रेषा खाचेतल्या खाचेत या दातातून त्या दातात उडी मारतात, काही बाहेर लोंबणाऱ्या कॉइलच्या टोकांभोवतीच फिरतात. त्या रोटरला भेटतच नाहीत. रोटरच्या बारांभोवतीही हेच चालतं. या वाया गेलेल्या रेषांचा परिणाम असा, की मोटरच्या आत सप्लायच्या वाटेवर कुणीतरी चोक बसवल्यासारखं होतं. तो चोक म्हणजे लीकेज रिॲक्टन्स.

लोड वाढला की करंट वाढतो आणि चोक आपला वाटा खात जातो. एका टप्प्यापर्यंत रोटर जास्त करंट घेऊन जास्त जोर देतो. त्यापुढे करंट वाढतो खरा, पण तो व्होल्टेजच्या इतका मागे पडतो की जोर उलट कमी होतो. मोटर मान टाकते ती तिथे. स्टेटरचा रेझिस्टन्स सोडून दिला तर त्या शिखराचा हिशेब एवढाच:

```
Tmax ≈ 3·V² / (2·ωs·X)
```

V म्हणजे फेजचं व्होल्टेज, ωs म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग आणि X म्हणजे तो चोक. सूत्रात रोटरचा रेझिस्टन्स कुठेच नाही. आणि सुरू होताना रोटर उभा असतो, तेव्हा करंटला अडवणारा मुख्य गडी हाच चोक. म्हणून तो मोठा झाला की स्टार्टिंग करंट आणि शिखर दोन्ही एकदम उतरतात. तुमच्या 55 च्या 43 मध्येच दुखणं लिहिलेलं आहे.

चोक मोठा का झाला? तो कॉइलमधल्या तारेच्या वेढ्यांच्या, म्हणजे टर्नच्या, वर्गाने वाढतो. माझा अंदाज, टर्न वाढवलेत. नो-लोड करंट कमी होणं ही त्याचीच दुसरी खूण. वहीत किती टर्न लिहिलेत ते विचारा.

आयई3_ग्रस्त

माझं बरोब्बर उलटं आहे. सांगलीत आमच्या वर्कशॉपला जुनी मोटर काढून नवी आयई-3 घेतली, तेवढ्याच एचपीची. जोर मस्त, पण सुरू करताना ब्रेकर पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो मोटर खराब. परत करू का?

खाच_आणि_दात

परत करू नका. चांगल्या एफिशियन्सीच्या बऱ्याच मोटरचा स्टार्टिंग करंट जुन्यापेक्षा जास्त असतो. नेमप्लेटच्या पलीकडे जाऊन कॅटलॉगमधला स्टार्टिंग करंट बघा आणि ब्रेकरची मॅग्नेटिक सेटिंग त्याच्याशी ताडून बघा. बाकी वेगळा धागा काढा, इथे चरकात ऊस अडकलाय.

चरकवाला_कागल

करंट झुलत नाही. बसताना सरळ चढतो. रिवाईंडिंगवाला म्हणतो "टर्न होते तेवढेच टाकले", वही दाखवत नाही. मोटर न उघडता कळेल का?

खाच_आणि_दात

कळेल. अगदी त्याच कंपनीची, त्याच फ्रेमची, न उघडलेली मोटर ओळखीत कुणाकडे आहे का? असेल तर दोन्ही मोटर थ्री-फेज व्हेरिॲक असलेल्या दुकानात न्या. शाफ्ट पक्का जखडा. डेल्टात जोडून व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवा आणि 28 अँपिअर आला की व्होल्टेज लिहून घ्या. काही सेकंदांत बंद करा, पंखा फिरत नसतो, तार भराभर तापते. शाफ्टसमोर कुणाला उभं करू नका, पाचर निसटली तर दिसणार नाही.

त्याच करंटला ज्या मोटरला जास्त व्होल्टेज लागेल तिचा आतला अडथळा जास्त. दोन्ही आकड्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ काढलं की टर्नचं प्रमाण मिळतं.

आलेखबहाद्दर

बारांबद्दल माघार. पण सूत्र वापरून बघितलं तर जुळत नाही. 15 किलोवॅटला 1460 वर पूर्ण लोडचा टॉर्क 98 न्यूटन-मीटर. शिखर 2.8 पट धरलं तर 274. त्यातून रिॲक्टन्स सुमारे 2 ओहम येतो. मग सुरुवातीचा करंट 415 चे फेजला 240, भागिले 2, म्हणजे 120 अँपिअर. पण स्टारमध्ये 55 म्हणजे डेल्टात तिप्पट, 165. सूत्र चूक की मी?

खाच_आणि_दात

छान पकडलंत. चूक एवढीच, की रिॲक्टन्स हा पक्का आकडा नाही. आपण सोडून दिलेल्या स्टेटर रेझिस्टन्समुळे तुमचे 2 ओहम आधीच थोडे फुगलेत, पण ते किरकोळ. खरी गोष्ट अशी, की रोटर उभा असताना त्याच्यात पूर्ण 50 हर्ट्झ असतात. बारमधला करंट खाचेच्या तोंडाकडे ढकलला जातो आणि बाराच्या तळाकडच्या वाया जाणाऱ्या रेषा कमी होतात. त्यातच एवढ्या मोठ्या करंटने दातांची टोकं चुंबकाने ओथंबतात, खाच ओलांडायची वाट अवघड होते. दोन्हींमुळे सुरुवातीला चोक लहान होतो. धावताना, शिखराजवळ, तो पुन्हा मोठा. डिझाइनवाले खाचेचा आकार ठरवताना याच फरकावर खेळतात. म्हणून शिखराच्या रिॲक्टन्सवरून स्टार्टिंग करंट काढायला जाऊ नये. दोन वाइंडिंगची तुलना करायला मात्र प्रमाण बरं चालतं.

चरकवाला_कागल

शेजारच्या गावातल्या पाहुण्यांची तीच मोटर मिळाली. दुसऱ्या दुकानात टेस्ट केली. 28 अँपिअरला पाहुण्यांची 81 व्होल्ट, आमची 101. भाच्याने वर्गमूळ काढलं, 1.117. ते घेऊन रिवाईंडिंगवाल्याकडे गेलो. म्हटलं, "जुने 24 असतील तर तू 27 च्या आसपास टाकलेत." गडी दोन मिनिटं गप्प. मग वही काढली. जुने 24, टाकलेले 27! तार एक नंबर बारीक घेतली, नाहीतर खाचेत बसत नव्हती. म्हणाला, "तुमच्याकडे मोटर जळते म्हणून अँपिअर कमी केले." वाईट हेतू नव्हता बहुतेक.

खाच_आणि_दात

मग आता हिशेब लागतो. 24 भागिले 27, त्याचा वर्ग 0.79. शिखर 274 होतं असं धरलं तर ते 217 झालं. दिवसा 370 व्होल्टला आणखी 0.79 ने गुणा, 172 उरतो. जुनी मोटर त्याच 370 वर 218 देत होती. तुमची जाड मोळी या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी मागत असणार. रात्री पूर्ण व्होल्टेजला मोटर बसत नसेल, बघा.

उभी राहिल्यावरचे 120 अँपिअरही जुळतात. 370 चे 415 केले तर साधारण 135. स्टारमधल्या 43 ची तिप्पट 129. थोडा फरक दातांच्या ओथंबण्याचा, थोडा टाँग टेस्टरचा.

बिल कमी येईल हेही विसरा. बारीक तार, लांबी जास्त, म्हणजे तांब्यातली उष्णता लोडवर वाढणार. मोटर पूर्वीपेक्षा तापते ना?

चरकवाला_कागल

हो, हात ठेववत नाही. आणि रात्री खरंच बसत नाही! आम्हाला वाटायचं रात्रीचा गडी मोळ्या बारीक घालतो.

आता रिवाईंडिंगवाला फुकट करून देतो म्हणतोय. मग 22 टर्न टाकून घेऊ का? दिवसाचं व्होल्टेज कमी, जोर वाढेल.

आलेखबहाद्दर

24 चा 22 केला तर शिखर 19 टक्क्यांनी वाढतं. माझ्या मते टाका.

खाच_आणि_दात

मी नाही टाकणार. टर्न कमी केले की लोखंडात चुंबक वाढतो. दिवसा 370 ला चालेल, पण पहाटे पंप बंद झाले आणि व्होल्टेज 430 ला गेलं की कोर भरून वाहेल. नो-लोड करंट भसकन चढेल आणि मोटर रिकामी असतानाच तापेल. स्टार्टिंग करंटही 19 टक्क्यांनी वाढणार, तो तुमची लांबलचक लाइन आणखी खाली ओढणार. सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे, त्यामुळे कमावलेलं काही प्रमाणात तिथेच जाईल. 24 च घाला, तारही मूळ गेजची. जुनी कॉइल काढताना गॅसकटरने कोर भाजू देऊ नका.

आलेखबहाद्दर

23?

खाच_आणि_दात

रात्रीचं व्होल्टेज आठवडाभर लिहून काढलं तर 23 वर बोलता येईल. आत्ता आकडा नाही, म्हणून मत नाही.

चरकवाला_कागल

हंगामात मोटर चार दिवस काढणं जमणार नाही. तोवर काय करू?

खाच_आणि_दात

मोटरवरची पुली दहाव्या भागाने लहान बसवा. चरक तेवढा हळू फिरेल, रस थोडा कमी निघेल, पण तीच मोळी मोटरकडे दहा टक्के कमी टॉर्क मागेल. आणि ओव्हरलोडची सेटिंग वाढवायचा मोह नको. मोटर उभी राहून 120 अँपिअर ओढते तेव्हा ती बारीक तार भराभर तापते.

सरळमार्गी

तरीपण अर्थिंग बघून घ्या.

चरकवाला_कागल

बघितलं दादा, खड्ड्यात पाणीपण ओतलं. पुली कोल्हापुरातून उद्या येतेय. रात्रीचं व्होल्टेज लिहायला भाच्याला बसवलाय, पहिल्या रात्री पहाटे चारला 428 आलं.