मदत हवी आहे: डीएनपीचा मेल्टिंग पॉइंट दोन नावांच्या मध्ये अडकलाय

प्रॅक्टिकलला मिळालेला अज्ञात द्रव ओळखायचा आहे. पाच थेंब २ मिली इथेनॉलमध्ये घेऊन २,४-डीएनपी अभिकर्मक घातला, तर लगेच नारिंगी-लाल साका पडला. म्हणजे अल्डिहाइड किंवा कीटोन हे नक्की. साका गाळून थंड इथेनॉलने एकदा धुतला, वाळवला, आणि मेल्टिंग पॉइंट आला २२९ ते २३४. पाच अंशांची रेंज बघूनच शंका आली.

तक्त्यात बेन्झाल्डिहाइडचा डीएनपी २३७ ला आणि अ‍ॅसिटोफेनोनचा २३८ च्या आसपास वितळतो. एका अंशाच्या फरकावर कुणाचं नाव लिहायचं? वासावर तर मी अजिबात जाणार नाही.

मग बेन्झाल्डिहाइडचा शुद्ध डीएनपी माझ्या नमुन्यात निम्मा-निम्मा मिसळून पाहिला. तो २१० लाच ओला दिसायला लागला आणि २१८ ला पूर्ण वितळला. पदार्थ एकच असता तर इतका खाली आला नसता, म्हणून माझा कल अ‍ॅसिटोफेनोनकडे आहे.

पण माझा नमुनाच अशुद्ध आहे. त्यात सल्फ्युरिक आम्ल किंवा न वापरला गेलेला अभिकर्मक (तो स्वतः २०० च्या आसपास वितळतो) राहिला असेल, तर या मिश्र चाचणीवर किती विश्वास ठेवायचा? इथेनॉलमध्ये माझा साका उकळूनही नीट विरघळत नाही. पुनर्स्फटिकीकरणाला इथाइल अ‍ॅसिटेट चालेल का? की सरळ सेमिकार्बाझोन करू? तिथे अ‍ॅसिटोफेनोनचा १९८ आणि बेन्झाल्डिहाइडचा २२२ असा स्पष्ट फरक आहे, पण माझ्याकडे जेमतेम १ मिली द्रव उरलाय.