आईच्या बैठकीचं पत्र

> "बैठकीचं रेकॉर्डिंग दीड तासाचं आहे. परदेशातल्या भावाला तेच पाठवू की लिहून कळवू?"

लिहाच, पण आधी परत ऐका. आईची काळजी कोण, कशी घेणार यावर आमची बैठक झाली त्याच रात्री मी अमेरिकेतल्या दादाला आठवेल तसं लिहिलं, 'रात्री आईजवळ ताई झोपणार.' दुसऱ्या दिवशी ऐकलं तर ४२व्या मिनिटाला ताई म्हणते, "बघते, ह्यांना विचारून सांगते." म्हणजे काहीच ठरलं नव्हतं! दादा मात्र निश्चिंत होऊन बसला असता. पाठवलं नव्हतं म्हणून बरं.

मग पत्र नव्यानं लिहिलं. जे ठरलं त्यापुढे कोण आणि कधीपासून. जे नुसतं बोललं गेलं ते वेगळं, 'अजून ठरलेलं नाही' म्हणून. वादाच्या जागी फक्त मिनिट टाकलं, म्हणजे त्याला हवं तर तेवढंच ऐकेल. माझ्या शब्दांत भांडण सांगितलं असतं, तर मीच शहाणा ठरलो असतो.

आईचं बोलणं मात्र जसंच्या तसं उतरवलं. जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर आम्ही तिघं तावातावानं बोलत होतो, मध्येच मिक्सर, आणि मागून तिचा आवाज, "मला पेठेतलं घर सोडायचं नाही. पाणी येतं त्या दिवशी कुणीतरी या, बस." नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि बादली उचलतानाच ती घसरली होती. बैठकीत हे कुणाच्या कानावरच पडलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालू आहे हे आईला आधी सांगा. पैशाचे आकडे पाठवण्यापूर्वी ताईला वाचून दाखवले, तेव्हा औषधांचा एक खर्च दोनदा धरलेला सापडला.