शनिवारची गणिताची शिकवणी: मुलांच्या वह्या दिसत नाहीत

प्रेषक: अनघा

मंडळी,

शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय म्हणून थेट मुद्द्यावर येते. सुलभाताईंचा काल फोन होता. असंच चालायचं असेल तर पुढच्या महिन्यापासून त्या शिकवणी घेणार नाहीत. फीबद्दल तक्रार नाही, वेळेबद्दल नाही, चौघांच्या दंग्याबद्दलही नाही. मुलं वहीत काय लिहितात ते त्यांना दिसत नाही, एवढीच अडचण आहे.

कालचंच सांगते. 2(x + 3) − (x − 4) = 15 हे समीकरण दिलं होतं. ईशानने चॅटमध्ये नुसतं 13 टाकलं. उत्तर चुकलं हे ताईंना कळलं, पण कुठे चुकलं ते कळेना. मग त्याने वही लॅपटॉपसमोर धरली. आधी सगळं अंधुक, मग त्याचा अंगठा, मग छताचा पंखा. शेवटी ताई म्हणाल्या, "वाचून दाखव." त्याने वाचलं: "वजा x, अधिक चार." म्हणजे बरोबर! वहीत मात्र वजा चार होतं. वाचताना पठ्ठ्याने चूक मनातल्या मनात सुधारली आणि वर म्हणतो, "मग तेरा का येतंय?" यात सात मिनिटं गेली आणि बाकीचे तिघं गेम खेळायला लागले.

कोणाला काही सुचतंय का?

अनघा

प्रेषक: श्रीकांत

अनघा,

मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं, पण कोणी ऐकलं नाही. सुलभाताईंना पेन टॅबलेट घेऊन द्या. त्यावर लिहिलेलं सगळ्यांना स्वच्छ दिसतं. आठवडाभर हात जरा वाकडा चालतो, मग सवय होते. मी स्वतः वापरलाय. आणि फळा म्हणून जॅमबोर्ड घ्या. फुकट आहे आणि मुलांनाही त्यावर लिहिता येतं.

श्रीकांत

प्रेषक: अनघा

काका, ताईंचं लिहिलेलं मुलांना व्यवस्थित दिसतंय. मुलांचं लिहिलेलं ताईंना दिसत नाही. उलटी बाजू आहे. जॅमबोर्ड गूगलने २०२४ च्या शेवटी बंद केला. दुसरे फळे आहेत, पण आमच्या चौघांनी माउसने x लिहिला की कोंबडीचा पाय दिसतो.

प्रेषक: वैशाली

गणिताचं ठरतंच आहे तर रसायनशास्त्र कोणी घेतं का? धाकटीला मोल समजत नाहीये. सोमवारी किंवा बुधवारी चालेल.

प्रेषक: मिलिंद

अनघा, यावर आमच्याकडे वर्षभर चाललेला उपाय सांगतो. नवीन काही विकत घ्यायचं नाही. लॅपटॉपवर मूल जसं बसतं तसंच बसू दे. घरातला एक फोन त्याच मीटिंगमध्ये वेगळा सभासद म्हणून आणायचा आणि त्याचा मागचा कॅमेरा वहीवर रोखायचा. नाव "ईशान-वही" असं ठेवायचं. ताई ती चौकट पिन करतील आणि पेन चालताना बघतील. वजा चार लिहिलं त्या क्षणी दिसेल, तेरापर्यंत थांबायला नको.

आता जिथे हमखास बिनसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे आवाज. एका खोलीत दोन उपकरणं आवाजासकट जोडली की अशी शिट्टी वाजते की ताई त्याच दिवशी राजीनामा देतील. नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण फोनच्या स्पीकरचा आवाज लॅपटॉपचा माइक ओढून घेतो. झूमवर फोनमधून आत येतानाच Don't connect to audio चालू करायचं.

दुसरं, फोन उभा करायचा कसा. मी जाड पुस्तकांचा दीड वीत उंच गठ्ठा केला आणि वरच्या दोन पुस्तकांमध्ये लाकडी पट्टी अशी अडकवली की तिचं टोक वहीवर पुढे येईल. फोन त्या टोकाला रबरबँडने बांधला. पहिल्या दिवशी तो धाडकन वहीवर पडला, कारण वरचं पुस्तक हलकं होतं. वर शब्दकोश ठेवला, मग हलला नाही. फोन आडवा ठेवा. पूर्ण पान दिसायची गरज नाही, लिहिताहेत त्या आठ-दहा ओळी पुरे.

तिसरं, उजेड. दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे ठेवायचा, नाहीतर नेमकं जिथे लिहितोय तिथेच हाताची सावली पडते. डावखुऱ्याचं उलट. पेन्सिल फिकट असेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. 2B पेन्सिल द्या किंवा सरळ काळं पेन.

आणि ताईंना सांग, पिनच करा, स्पॉटलाइट करू नका. पिन केलेलं फक्त त्यांना दिसतं. स्पॉटलाइट केलं की ईशानची चूक चौघांसमोर मोठी होऊन येते आणि पुढच्या वेळी त्याचा कॅमेरा "बिघडतो".

मिलिंद

प्रेषक: अपर्णा

मिलिंदने सांगितलेलं आम्ही केलंय. फक्त ते मीटवर करताना आमची फजिती झाली. आमची शिकवणी एकास एक असते. फुकटच्या मीटमध्ये दोघंच असले की वेळेची अडचण नव्हती, म्हणून आम्ही निर्धास्त. फोन जोडला आणि आम्ही तिघं झालो. तिघांपासून पुढे साठ मिनिटांची मर्यादा लागते. पंचावन्नाव्या मिनिटाला सूचना आली तेव्हा मला वाटलं नेट गेलं. झूमचं फुकट खातं तर चाळीस मिनिटांतच बाहेर काढतं, माणसं दोन असोत की दहा.

शिवाय पहिल्या दिवशी मी पुढचा कॅमेरा लावला होता. मुलगी रडायला लागली, "सगळं उलटं दिसतंय!" उलटं फक्त तिलाच दिसत होतं, सरांना सरळ दिसत होतं. तरी मागचाच लावा. तोच स्पष्ट दिसतो, आणि मुलांना पडद्यावर स्वतःचं तोंडही दिसत नाही.

प्रेषक: रवींद्र

झूमचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मंडळाचं सशुल्क खातं कार्यकारिणीच्या कामासाठी आहे. शिकवणीला ते देऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण मला विचारून घ्या. एका वेळी त्यावर एकच मीटिंग चालते. जानेवारीत काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. मी बैठक सुरू करायला गेलो, "दुसरी मीटिंग चालू आहे, बंद करू का" असं विचारलं, मी हो म्हटलं आणि चार मुलं हवेत लटकली. वर फोन मलाच आले.

रवींद्र (खजिनदार)

प्रेषक: अनघा

रवींद्र, त्या दिवशी वेळ तीन आठवडे आधी शेअर्ड कॅलेंडरवर टाकली होती. तू बघितली नाहीस. दर शनिवारी दहा ते अकरा ते खातं शिकवणीचं, असं एकदाच लिहून ठेवू या. दर वेळी तुला विचारत बसणं मला जमणार नाही.

प्रेषक: रवींद्र

कॅलेंडर मी बघतो. मोबाइलवर ती नोंद दिसत नव्हती. दहा ते अकराला माझी हरकत नाही. अकरा म्हणजे अकरा, अकरा वीस नाही.

प्रेषक: संदीप (ईशानचे बाबा)

ती सात मिनिटं ईशानमुळे गेली, त्याबद्दल सगळ्यांची माफी. पण मिलिंद, आमच्या घरी शनिवारी सकाळी एकच फोन असतो, माझा, आणि तो घेऊन मी कामावर जातो. मग काय करायचं?

फीचंही विचारायचं होतं. गेल्या महिन्यात तो दोन शनिवार आजारी होता. ते पैसे पुढच्या महिन्यात वळते होतील का?

प्रेषक: श्रीकांत

नाही होत. गेला नाही तर तुमचं नुकसान, शिक्षक तर येऊन बसलेच होते ना! आमच्या वेळी शिकवणीला दांडी मारली तर फी सोडाच, पाठीत बसायची.

प्रेषक: अपर्णा

काका, तो आजारी होता हो.

प्रेषक: मिलिंद

संदीप, फोन नसेल तर जुना, सिम नसलेला चालतो. वायफाय आणि कॅमेरा असला की झालं. माझ्याकडे एक पडलाय. बॅटरी लवकर बसते, चार्जर लावूनच वापरावा लागेल.

फीबद्दल अनघाने ठरवावं, पण गटात पैसे वळते करणं मला पटत नाही. एकास एक असेल तर आदल्या दिवशी कळवलं की तास पुढे ढकलता येतो. चौघांत एक नसला तरी ताईंना तास घ्यावाच लागतो. दर गैरहजेरीला पैसे कापले तर ताईंचा महिना मुलांच्या सर्दीवर चालेल. त्यापेक्षा महिन्याची फी चार शनिवारांची धरा. वर्षात बावन्न शनिवार, फी अठ्ठेचाळीसची. उरलेले चार म्हणजे ज्या महिन्यात पाचवा शनिवार येतो ते. त्या दिवशी नवीन धडा नाही. ज्यांचे बुडलेत त्यांनी यायचं आणि बुडलेलं भरून काढायचं.

प्रेषक: संदीप

म्हणजे वर्षाला चारच भरून निघणार. त्याचे एका महिन्यात दोन गेले. आणि पाचव्या शनिवारचे पैसे ताईंना कोण देणार?

प्रेषक: सुलभा

अनघाने सगळा पत्रव्यवहार पाठवला म्हणून लिहिते.

पाचव्या शनिवारचे पैसे नकोत, पण त्या दिवशी तासभर नाही, अर्धा तासच बसेन. मूल कोणता धडा चुकलं ते आधी कळवा. "सगळंच" असं लिहू नका.

वहीचं काल मिलिंदच्या मुलाबरोबर करून बघितलं. दिसतं. त्याला मुद्दाम तेच समीकरण दिलं. कंस उघडताना त्याचं पेन वजा चिन्हावर थबकलं तेव्हाच मी म्हटलं, "आतल्या वजा चारचं काय होईल?" त्याने खोडून अधिक चार केलं आणि पाच आलं. उत्तराची वाट बघत बसले असते तर ते थबकणं मला दिसलं नसतं.

पण चार वह्या एकदम बघणं मला जमत नाही. दोन जमतात. म्हणून सध्या पहिली तीस मिनिटं दोघांच्या वह्या, नंतरची तीस दुसऱ्या दोघांच्या. ज्यांची पाळी नाही त्यांनी दिलेली उदाहरणं सोडवायची. कॅमेरा चालू, आवाज बंद. हे त्यांना पसंत पडेल असं मला वाटत नाही. महिनाभर बघू.

रवींद्र, अकराला बंद करीन.

सुलभा

प्रेषक: अनघा

ठीक आहे, या शनिवारपासून तसंच. पहिली पाळी ईशान आणि मैत्रेयीची. फोन पावणेदहाला लावून बघा, दहाला नाही. फी चार शनिवारांची, महिन्याच्या पहिल्या तारखेला. संदीप, तुझ्या दोन तासांचं फोनवर बोलू. ते मला इथे वाढवायचं नाही.

प्रेषक: वैशाली

रसायनशास्त्राचं कोणीच काही बोललं नाही.

प्रेषक: संदीप

मिलिंद, फोन घ्यायला शुक्रवारी संध्याकाळी येऊ का? आणि पट्टी कितीची लागेल, तीस सेंटिमीटरची चालेल का?

प्रेषक: मिलिंद

ये. चालेल, पण लाकडीच आण. प्लॅस्टिकची वाकते.